एसओपीचं व्हाउचिंग



आमच्या हैदराबादेत दिवाळी आटोपली की घरोघरी एक नवा फराळ सुरू होतो, तो म्हणजे एसओपी. काचीगुडा, बरकतपुरा, नल्लाकुंटा, कुठल्याही मराठी घरात जा, एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतेच, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज जायचे असतात. मार्कलिस्ट असते, प्राध्यापकांची शिफारसपत्रं असतात, परीक्षांचे स्कोअर असतात. या सगळ्याबरोबर दीड-दोन पानांचं एक निवेदन द्यावं लागतं. मी आजवर काय केलं, पुढे काय शिकायचं आहे, ते तुमच्याकडेच का, आणि शिकून काय करणार, एवढंच त्यात सांगायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मुलं सर्वांत जास्त अडतात ती इथेच.

माझ्या पुतण्याची मुलगी गेल्या नोव्हेंबरमध्ये तिचा मसुदा घेऊन आली. सिव्हिल इंजिनिअरिंग, विषय जलसंपदा. "आजोबा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, जरा पॉलिश करून द्या," म्हणाली. मी बी.कॉम. झालेला माणूस, मला पाण्याच्या इंजिनिअरिंगमधलं काय कळणार? पण बँकेत कर्जाचे प्रस्ताव मी बरीच वर्षं वाचले आहेत, आणि एसओपी वाचल्यावर लक्षात आलं की हा माल ओळखीचा आहे.

कर्जाच्या प्रस्तावातही पहिली दोन पानं अशीच असायची. प्रवर्तक अत्यंत अनुभवी, मालाला बाजारात प्रचंड मागणी, भविष्य उज्ज्वल. ती पानं आम्ही भरभर उलटायचो आणि विचारायचो, ऑर्डर कुठे आहे? स्टॉक स्टेटमेंट दाखवा. येणं किती, कुणाकडून? ऑडिटमध्ये याला व्हाउचिंग म्हणतात. वहीतल्या प्रत्येक नोंदीमागे कागद हवा. कागद नसेल तर नोंद कितीही सुंदर अक्षरात असो, ती मोजायची नाही.

तेच इथे केलं. तिला म्हटलं, "बेटा, मी एकही वाक्य लिहून देणार नाही. माझं इंग्रजी ड्राफ्ट आणि मेमोचं, ते तुझ्या तोंडी शोभणार नाही. फक्त पेन्सिल माझी." प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करायची. वाक्यामागे तिने स्वतः केलेलं, पाहिलेलं, मोजलेलं काही असेल तर बरोबरची खूण. दावा आहे पण पुरावा दिसत नाही, तिथे प्रश्नचिन्ह. आणि तिच्या नावाऐवजी वर्गातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तरी वाक्य तसंच खरं राहत असेल तर फुली.

मसुदा एक हजार चाळीस शब्दांचा होता. पहिल्या फेरीत फुल्याच फुल्या. फुलीची वाक्यं काढून मोजलं तर साडेतीनशेच्या आसपास शब्द उरले. पोरीचा चेहरा पडला. पण त्या साडेतीनशेंतच तिचा अर्ज होता.

सुरुवातीला एका थोर शास्त्रज्ञाचं स्वप्नांबद्दलचं वाक्य होतं. त्याखाली 'एव्हर सिन्स माय चाइल्डहुड' अशी सुरुवात करून, लहानपणापासून मला पाण्याचं विलक्षण आकर्षण आहे, असं लिहिलं होतं. तिच्या मैत्रिणीने त्याच कन्सल्टन्सीतून अर्ज केला होता. तिच्याही मसुद्यात हेच वाक्य होतं, फक्त पाण्याच्या जागी डेटा. नमुन्याच्या फायली मुलांच्या हातात देतात, मुलं त्यात आपापला विषय भरतात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशाचे अर्ज यूकास नावाची संस्था एकत्र गोळा करते. २००७ साली त्यांनी सुमारे पन्नास हजार अर्ज संगणकावर ताडून पाहिले. त्यातल्या २३४ मुलांनी आठव्या वाढदिवशी केमिस्ट्री सेटशी खेळताना पायजम्याला भोकं पडली आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली, असं लिहिलं होतं. गोष्ट मूळ ज्याची असेल त्याची खरी असेलही, पण २३४ पायजमे कसे जळतील? वाचणारा एका हंगामात ढिगाने अर्ज वाचत असतो. पहिल्या ओळीत पायजमा दिसला की पुढचं तो कोणत्या नजरेने वाचणार, हे बँकवाल्याला सांगायला नको.

मी तिला विचारलं, "पाण्याचं आकर्षण म्हणजे काय? कधी वाटलं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आकर्षण नाही वाटलं आजोबा, भीती वाटली." ऑक्टोबर २०२०. आम्ही हैदराबादकर ती रात्र विसरणार नाही. तेव्हा ती अकरावीला होती. हुसेनसागरचं जादा पाणी मुशीकडे नेणारा नाला त्यांच्या कॉलनीच्या मागून जातो. रात्री पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि जिन्याची तिसरी पायरी बुडाली. तळमजल्यावरच्या आजींना तिच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर आणलं. सकाळी लोक म्हणत होते, पाऊसच तसा झाला. तिला प्रश्न पडला की पाऊस तर शहरभर पडला, मग मागच्या गल्लीत पाणी का नाही आलं?

ती म्हणाली, "हे लिहायचं? हे तर साधं आहे." मी बरोबरची खूण केली. ही पहिली तीन वाक्यं झाली. अवतरण गेलं, लहानपण गेलं, आकर्षण गेलं. खुर्चीतल्या आजींनाही मी काढायला लावलं. प्रसंग खरा होता, पण अर्ज पाण्याबद्दल होता, आणि पुढे जाणारी गोष्ट गल्लीच्या प्रश्नाची होती.

दुसरा परिच्छेद वाचायला छान होता. २८ सप्टेंबर १९०८ चा मुशीचा महापूर, मग विश्वेश्वरय्यांना बोलावणं, १९२० चं उस्मानसागर, १९२७ चं हिमायतसागर. सगळं खरं. आमच्या घरातही त्या पुराच्या गोष्टी आजी सांगायची. तरी मी पूर्ण परिच्छेदावर फुली मारली, तेव्हा तिचे वडील मध्ये पडले. "काका, हे तरी खोटं नाही ना?" खोटं नाही, पण यातलं तिचं काय आहे? हैदराबादच्या पुरावर लिहिणारा प्रत्येक जण हेच लिहील. प्रवेश समितीला हैदराबादचा इतिहास शिकायचा नाही, त्यांना ही मुलगी बघायची आहे. नव्वद शब्द मोकळे झाले.

आता मुख्य भाग, तिचा प्रोजेक्ट. मसुद्यात होतं, 'अतिक्रमण आणि कचऱ्यामुळे शहरी पूर येतात, हे मी माझ्या संशोधनातून सिद्ध केलं आणि प्रकल्पाला उत्कृष्ट निष्कर्ष मिळाले.' मी सिद्ध या शब्दाला गोल केला आणि मोठं प्रश्नचिन्ह काढलं. "काय केलंस ते क्रमाने सांग. मला कळेल असं सांग."

तिने सांगितलं ते असं. पावसाळ्यात ती आणि तिची दोन मित्रं कॉलनीमागच्या नाल्यावर गेली. काँक्रीटचा सरळ तुकडा निवडला. टेपने रुंदी आणि पाण्याची खोली मोजली, उतार काढला. उघड्या नाल्यातून पाणी किती वेगाने वाहील हे काढायला मॅनिंगचं सूत्र असतं. त्यात खडबडीतपणाचा एक आकडा घालावा लागतो. गुळगुळीत काँक्रीटला लहान, दगड-झुडपांच्या ओढ्याला मोठा. हा आकडा तिने पुस्तकातल्या तक्त्यातून घेतला, ०.०१५. सूत्राने उत्तर आलं, सेकंदाला सुमारे १.९ मीटर.

"मग?" मी विचारलं. तर म्हणे, मग नाल्यात संत्रं सोडलं. मला वाटलं थट्टा करते आहे. पण ही जुनी, मान्य पद्धत आहे. संत्रं बहुतेक बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही, आणि रंगामुळे गढूळ पाण्यात दिसतं. दहा मीटरच्या खुणा करून घड्याळ लावायचं. पाच संत्री सोडली, सरासरी नऊ सेकंद लागले. म्हणजे वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला १.१ मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, म्हणून साधारण ०.८५ ने गुणतात. उत्तर ०.९४. सूत्राने सांगितलं त्याच्या निम्मं!

सूत्रात खडबडीतपणाचा आकडा दुप्पट केला की वेग बरोबर निम्मा होतो. म्हणजे कागदावरचा काँक्रीटचा नाला त्या दिवशी ओढ्यासारखा वागत होता. कशामुळे? कचरा, गाळ, मध्ये आडवे गेलेले पाइप, की पुढचं वळण? तिला वेगळं करून सांगता येत नव्हतं. जागा एक, दिवस एक, पाणी गुडघ्याच्या थोडं वर. पूर आल्यावर काय होतं, हे तर त्यात नव्हतंच.

मी म्हटलं, "अगं, हे सगळं एसओपीत का नाही?" ती म्हणाली, "सर म्हणाले, मर्यादा लिहिल्या की प्रोजेक्ट कच्चा वाटतो."

मंडळी, मला सांगायचं आहे ते इथे आहे. या निवेदनाचं नावच मुळी हेतूचं निवेदन. 'सिद्ध केलं, उत्कृष्ट निष्कर्ष मिळाले' असं लिहिलं तर काम संपलं, मग दोन वर्षं आणि घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज कशाला? जिथे ती अडली, तिथेच तिचा हेतू आहे. खडबडीतपणाचा आकडा तक्त्यातून न घेता खऱ्या, घाणेरड्या, अर्धवट बुजलेल्या नाल्यासाठी कसा ठरवायचा, आणि त्यातला कचऱ्याचा वाटा आणि वळणाचा वाटा वेगळा कसा काढायचा, हे तिला येत नाही आणि शिकायचं आहे. पोकळ वाक्यांनी नेमकी हीच जागा झाकली होती.

तिने पुन्हा लिहिलं. माझ्या शब्दांत सांगायचं तर, 'आम्ही एका ठिकाणी, एका दिवशी मोजलेला वेग सूत्राच्या निम्मा होता. कारणं आम्हाला वेगळी करता आली नाहीत, कारण एकच मोजमाप होतं आणि खोली बदलताना पाहिली नव्हती.' तीन जणांचा प्रोजेक्ट होता, म्हणून आकडेमोड तिची आणि सर्वेक्षण तिघांचं, हेही स्पष्ट लिहिलं. सगळीकडे 'मी, मी' लिहिलं आणि शिफारसपत्रात सरांनी गटाचं काम म्हटलं, तर दोन कागद जुळत नाहीत. असं न जुळणं बँकेतही पहिलं डोळ्यात भरायचं.

मग आला अवघड परिच्छेद. तिसऱ्या सेमिस्टरला गणितात बॅकलॉग. मसुद्यात होतं, 'काही अपरिहार्य वैयक्तिक परिस्थितीमुळे'. पुतण्या म्हणाला, "त्या वर्षी हिला टायफॉइड झाला होता, ते लिहू या." मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, टायफॉइड परीक्षेनंतर झाला. मी अभ्यास केला नव्हता." घरात दोन मिनिटं शांतता. पुतण्याचंही बरोबर होतं. बापाला वाटतं, एका विषयावरून पोरीचं दार बंद होऊ नये. "काका, इतकं उघडं कशाला?" असं त्याने दोनदा विचारलं.

मार्कलिस्टवर ते उघडं आहेच. वाचणारा ते बघणार. 'अपरिहार्य परिस्थिती' वाचून तो मनातल्या मनात वाटेल ती परिस्थिती भरेल. शेवटी दोन वाक्यं ठेवली. तिसऱ्या सेमिस्टरला त्या विषयात नापास झाले आणि पुढच्या परीक्षेत सुटले. त्यानंतर हायड्रॉलिक्स आणि हायड्रॉलॉजी या गणितावर उभ्या असलेल्या विषयांत इतके-इतके गुण आहेत. कारण नाही, क्षमा मागणं नाही, 'यातून मी खूप शिकले' नाही. दुसरं वाक्य मार्कलिस्टवरून ताडता येतं, तेच पहिल्याचं उत्तर आहे. खरंच आजारपण असेल तर एका वाक्यात जरूर लिहावं, कागद असतोच.

विद्यापीठाबद्दलचा परिच्छेद तर छापील होता. नामांकित प्राध्यापक, स्टेट ऑफ द आर्ट प्रयोगशाळा, विविधतेने नटलेलं वातावरण. आठ विद्यापीठांना हाच मजकूर, वर फक्त नाव बदलायचं. एका फायलीत तर खाली दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं होतं! इथे नाव बदलण्याची कसोटी उलटी लावायची. विद्यापीठाचं नाव झाकलं तरी वाचणाऱ्याला, हे आपल्याबद्दल आहे, असं कळलं पाहिजे.

तिच्या यादीत इलिनॉय विद्यापीठाचं अर्बाना-शँपेन होतं. तिथली जलविज्ञानाची प्रयोगशाळा व्हेन टे चौ यांच्या नावाची आहे. उघड्या नाल्यांच्या जलगतीवरचं त्यांचं १९५९ चं पुस्तक आपल्याकडचे सिव्हिलवालेही वापरतात, आणि खडबडीतपणाचे ते प्रसिद्ध तक्ते त्यातलेच. मुलगी खूश झाली. "आजोबा, मी ज्यांचा तक्ता वापरला त्यांचीच लॅब, असं लिहिते!" वाक्य चटकदार होतं, पण हा योगायोग झाला. नाव सारखं आहे म्हणून कुणी दोन वर्षं शिकायला जात नाही. तिला सांगितलं, त्यांच्या अभ्यासक्रमाची यादी उघड आणि तुझ्या अडलेल्या प्रश्नाला कोणता विषय लागू पडतो ते बघ. प्राध्यापकाचं नाव घ्यायचं असेल तर ते निवृत्त तर नाहीत, अलीकडे कशावर काम करत आहेत, हे त्यांच्या पानावर पाहून घे. आणि ज्यांचं काम वाचलं नाहीस त्यांचं नाव घालू नकोस.

तिने प्रत्येक विद्यापीठाला एक संध्याकाळ दिली. पाच ठिकाणी चार-पाच ओळी लिहिता आल्या. तीन ठिकाणी, दोन-दोनदा बसूनही, प्रश्नाला जुळेल असं काही सापडेना. ती तीन विद्यापीठं कुणीतरी सोपी आहेत म्हणाल्यामुळे यादीत आली होती. तिनेच ती काढली.

शेवटी भविष्य. 'मायदेशी परतून समाजाची सेवा करीन, जलक्षेत्रात क्रांती घडवीन.' इथे मला हसू आलं, ते मी दाबलं. तिला खरंच काय करायचं होतं? तिला पावसाच्या पाण्याच्या नाल्यांचं डिझाइन करायचं होतं. २०२० च्या पुरानंतर इथे नाल्यांच्या विकासाचा एसएनडीपी हा कार्यक्रम सुरू झाला, तसली कामं करणाऱ्या सल्लागार कंपनीत. कुठल्या देशात आधी नोकरी मिळेल हे तिला माहीत नव्हतं, मग तेही ठोकून लिहिलं नाही. कामाचं नाव लिहिलं, क्रांती काढली.

एवढं झाल्यावर मजकूर खरा होता, पण बायोडेटासारखा तुटक. काटछाटीचा हा धोका आहे. प्रत्येक वाक्याला व्हाउचर, पण दोन व्हाउचरांमध्ये दोरा नाही. म्हणून तिला सगळं मोठ्याने वाचायला लावलं, आणि दर परिच्छेदानंतर मी विचारलं, "म्हणून?" गल्लीत पाणी आलं नाही, म्हणून नाला मोजला. मोजमाप जुळलं नाही, म्हणून हा विषय. हा विषय, म्हणून हे विद्यापीठ. जिथे 'म्हणून'चं उत्तर आलं नाही तिथे एक वाक्य वाढवलं. अखेर सातशे ऐंशी शब्द झाले. विद्यापीठं लांबीची मर्यादा वेगवेगळी देतात, काही ठिकाणी वैयक्तिक वाटचालीचं निवेदन वेगळं मागतात, तेव्हा प्रत्येकाची सूचना आधी वाचायची.

अखेरची तपासणी तोंडी. कुठल्याही वाक्यावर बोट ठेवायचं आणि तिने त्यावर तीन मिनिटं बोलायचं. पुढे नानकरामगुड्याच्या वकिलातीत व्हिसासाठी उभं राहिल्यावर हेच विषय निघतात आणि वेळ फार थोडा असतो. फक्त एका वाक्यावर ती अडखळली, त्यात कन्सल्टन्सीच्या फायलीतला 'होलिस्टिक' उरला होता. तिनेच खोडला.

चांगल्या एसओपीने कमी गुण वाढत नाहीत, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांना मार्कलिस्टचं वजन जास्त असतं, हे मी पुतण्याला आधीच सांगून ठेवलं होतं. पाचही अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. वाचलेल्या तीन अर्जांच्या फीचे पैसे तिच्याकडेच ठेवायला सांगितले. त्यातून तिने एक स्टॉपवॉच घेतलं आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात, जायचं ठरलं तरी आणि नाही ठरलं तरी, खोली बदलत असताना तोच तुकडा पुन्हा मोजायचा, असं तिचं चाललं आहे. संत्री मी आणून द्यायची आहेत.